फोटोतले आकडे आणि X दिल्यावर Y चं वितरण: ०.१६ की ०.४५?

सांजवारा
मैत्रिणीने तिच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवला आहे, तो खाली जोडते आहे. पान वाकलेलं आहे आणि वरची ओळ, जिथे बहुधा कुठलं चिन्ह कशासाठी ते लिहिलं असावं, ती फोटोत आलेलीच नाही. मला वाचता येतं ते असं:

(X, Y) ~ BN(50, 60, 16, 25, 0.6)

(अ) P(Y > 70 | X = 58) काढा.
(ब) P(X < 50 | Y = 66) काढा.

(अ) चं माझं उत्तर ०.१५८७ येतं, मैत्रिणीचं ०.४५०३. दोघींनी एकच सूत्र वापरलं आहे. पहिले दोन आकडे म्हणजे सरासऱ्या आणि शेवटचा कोरिलेशन, यावर दोघींचं एकमत आहे. १६ आणि २५ मी व्हेरियन्स धरले, तिने स्टँडर्ड डेव्हिएशन. मूळ वही आता तिच्याकडे नाही, फक्त हा फोटो आहे. यातून खरं काय ते ठरवता येईल का?

मोजपट्टी
तुमचंच बरोबर. १६ आणि २५ दोन्ही पूर्ण वर्ग आहेत, म्हणजे व्हेरियन्सच. उत्तरही सुटसुटीत येतं, झेड बरोबर १. प्रश्न काढणाऱ्याने मुद्दाम तसे आकडे निवडलेले दिसतात.

त्रिज्या
मोजपट्टी, पूर्ण वर्गांचा मुद्दा पटतो, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. पाच आकडे लिहायची पद्धत सगळीकडे सारखी नाही. काही पुस्तकांत तिसऱ्या-चौथ्या जागी सिग्मा असतो, काहींत सिग्मा वर्ग. दोन्ही पद्धतींच्या नोट्स माझ्या हातून गेल्या आहेत.

आणि सुटसुटीतपणा दोन्हीकडे आहे. एसडी धरले तर सरासरी ६७.५ येते, एसडी २५ गुणिले ०.८ म्हणजे २०, आणि झेड ०.१२५. हेही काही वेडंवाकडं नाही.

निरभ्र
एक मूलभूत शंका. X बरोबर ५८ असण्याची शक्यता शून्य आहे ना? मग "X = 58 दिल्यावर" याचा अर्थ काय? मी X > 58 असं समजून करायला घेतलं, तर उत्तर भलतंच येतंय.

खडूफळा
निरभ्र, शंका अगदी योग्य आहे, पण X > 58 हा वेगळाच प्रश्न होतो. इथे X = 58 म्हणजे ५८ च्या भोवती एक बारीक पट्टी घ्यायची, समजा ५७.९ ते ५८.१. त्या पट्टीत पडणाऱ्या जोड्यांमधले Y कसे पसरलेत ते पाहायचं आणि पट्टी अरुंद करत न्यायची. ज्या वितरणाकडे ते सरकतं तेच आपलं उत्तर.

X > 58 घेतलंत तर ५८ पासून पुढचे सगळेच आत येतात. त्यांची X ची सरासरी ५९.५ च्या आसपास जाते, Y ची साधारण ६७.१. शिवाय ते वितरण नॉर्मल राहत नाही, किंचित एका बाजूला कललेलं असतं. म्हणून तिथे झेड काढून तक्ता उघडणं चालत नाही.

आता मूळ हिशोब. सूत्र पाठ करण्यापेक्षा ते कुठून येतं हे एकदा पाहून ठेवलं तर असले घोळ लवकर पकडता येतात. तूर्त १६ आणि २५ व्हेरियन्स धरू. एसडी ४ आणि ५, आणि कोव्हेरियन्स ०.६ गुणिले ४ गुणिले ५ म्हणजे १२.

Y मधून X चा असा हिस्सा वजा करायचा की उरलेल्याचा X शी काही संबंध राहू नये. तो हिस्सा कोव्हेरियन्स भागिले X चा व्हेरियन्स, म्हणजे १२/१६ = ०.७५. उरलेल्याला W म्हणू:

W = Y − 0.75 X

Cov(W, X) = 12 − 0.75 × 16 = 0
E(W) = 60 − 37.5 = 22.5
Var(W) = 25 − 2 × 0.75 × 12 + 0.5625 × 16 = 16

X आणि Y मिळून नॉर्मल आहेत, त्यामुळे W आणि X सुद्धा मिळून नॉर्मल आहेत. अशा जोडीत कोव्हेरियन्स शून्य म्हणजे पूर्ण स्वतंत्र. सगळी गंमत या एका पायरीत आहे. X काय आला हे कळल्यावर W ला काहीही फरक पडत नाही. तो पूर्वीसारखाच, सरासरी २२.५ आणि व्हेरियन्स १६ घेऊन बसलेला असतो. X = 58 कळलं की Y म्हणजे ४३.५ अधिक W. सरासरी ६६, एसडी ४. त्यामुळे ७० च्या पलीकडे जाण्याची शक्यता म्हणजे झेड १ च्या पलीकडे, ०.१५८७.

यातून हेही दिसतं की X कितीही आला तरी Y चा पसारा तोच राहतो, फक्त मधला बिंदू सरकतो. सूत्रातल्या Var(Y|X) मध्ये x का नाही, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. तो x W मध्ये नव्हताच.

पण त्रिज्यांचा आक्षेप उभा आहे. हे सगळं १६ म्हणजे व्हेरियन्स असेल तर.

सांजवारा
हे W वालं मला पहिल्यांदाच नीट समजलं. आमच्याकडे सूत्र थेट फळ्यावर लिहून दिलं होतं. धन्यवाद सर.

अनुस्वार
फोटो मोठा करून बघा. खालच्या कोपऱ्यात पुढच्या ओळीची सुरुवात आली आहे. f(x, y) = आणि त्यापुढे एक अपूर्णांक. मला तो १/(32π) वाटतो. π च्या पुढचं कापलं गेलं आहे.

त्रिज्या
अनुस्वार, वा! मग प्रश्नच मिटला. घनतेच्या सूत्रात सुरुवातीचा स्थिरांक असा असतो:

1 / (2π σ₁ σ₂ √(1 − ρ²))

रो ०.६ असेल तर वर्गमूळ ०.८. एसडी ४ आणि ५ घेतल्यास 2π × 4 × 5 × 0.8 = 32π. एसडी १६ आणि २५ घेतल्यास 640π. फोटोत ३२ आहे, म्हणजे व्हेरियन्स.

मोजपट्टी
म्हणजे मी म्हणत होतो तेच.

त्रिज्या
उत्तर तेच आलं हो, पण आता त्याला पुरावा आहे. पूर्ण वर्ग म्हणून व्हेरियन्स हा अंदाज होता.

आणखी एक खात्री करून घेतली. ३२ आणि एसडी १६, २५ एकत्र बसवायचेच म्हटले तर वर्गमूळ ०.०४ यायला हवं, म्हणजे रो ०.९९९२. फोटोत ०.६ स्पष्ट आहे, त्यामुळे ती शक्यता संपली.

दीपमाळ
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. एकाच गोष्टीची दोन उपकरणांनी घेतलेली मापं माझ्याकडे आहेत. दोन्ही मापांचे आलेख वेगवेगळे काढले तर दोन्ही घंटेसारखे दिसतात. कोरिलेशन ०.६ च्या जवळ. एका मापावरून दुसऱ्याची मर्यादा सांगायला मी हेच सूत्र वापरतो, एसडी गुणिले ०.८. सरासरीच्या जवळ ते बरं चालतं, पण पहिलं माप टोकाला असलं की दुसरं माझ्या मर्यादेबाहेर फार वेळा जातं. हिशोबात चूक सापडत नाही.

खडूफळा
दीपमाळ, तुमचा हिशोब चुकला नसेल. चुकलं असेल ते गृहीतक. X एकटा नॉर्मल आणि Y एकटा नॉर्मल, एवढ्याने जोडी नॉर्मल ठरत नाही.

एक टोकाचं उदाहरण घ्या. X प्रमाणित नॉर्मल. दर वेळी एक नाणं टाका, जे ०.८ शक्यतेने छापा देतं. छापा आला तर Y = X, काटा आला तर Y = −X. नॉर्मल वक्र शून्याभोवती सममित असल्याने Y सुद्धा प्रमाणित नॉर्मलच. कोरिलेशन ०.८ − ०.२ = ०.६. म्हणजे पाचही आकडे अगदी व्यवस्थित. आता X = 2 आला असं समजा. आपलं सूत्र म्हणतं, Y ची सरासरी १.२ आणि व्हेरियन्स ०.६४. प्रत्यक्षात Y एकतर २ आहे किंवा −२, मधलं काहीच शक्य नाही. सरासरी १.२ बरोबर निघते, पण व्हेरियन्स ४ − १.४४ = २.५६. सूत्राच्या चौपट. आणि X शून्याजवळ असेल तर खरा व्हेरियन्स सूत्रापेक्षा फारच कमी.

तुमच्या मापांत इतका टोकाचा प्रकार नसेल, पण लक्षण ओळखीचं आहे. मध्यभागी सूत्र बसतं, टोकाला फाटतं. दोन वेगळे आलेख पाहून हे कळणार नाही. पहिल्या मापाच्या पट्ट्या पाडा आणि प्रत्येक पट्टीत दुसऱ्याचा एसडी वेगळा काढा. जोडी नॉर्मल असेल तर सगळ्या पट्ट्यांत तो जवळपास सारखा यायला हवा.

दीपमाळ
पट्ट्यांचं करून बघतो. टोकाच्या पट्ट्यांत माझ्याकडे मापं फार थोडी आहेत, ती अडचण राहीलच.

अनुस्वार
मूळ प्रश्नाकडे परत येते. त्रिज्या, एक गोष्ट अजून मिटलेली नाही. ३२ मध्ये रो चा वर्ग येतो, त्यामुळे तो ०.६ आहे की −०.६ हे त्यातून कळत नाही. फोटोत ०.६ च्या बरोबर आधी पानाची घडी आहे. तिथे उणे चिन्ह असलं तर ते घडीत सहज हरवेल.

त्रिज्या
खरं आहे. आणि त्याने फरक प्रचंड पडतो. एसडी ४ च राहील, पण सरासरी ६० अधिक ६ ऐवजी ६० वजा ६, म्हणजे ५४. मग ७० साठी झेड ४. शक्यता लाखात साधारण तीन. ०.१५८७ कुठे आणि हे कुठे.

सांजवारा
मैत्रिणीकडे त्याच पानाचा अजून एक फोटो निघाला! खालचा भाग आहे, डावीकडे कापलेला. कंसात असं दिसतं:

… − 1.2 ( … ) ( … ) + …

म्हणजे रो उणेच आहे का?

मोजपट्टी
हो, उणे १.२ म्हणजे 2ρ = −1.2. रो −०.६. उत्तर लाखात तीन.

खडूफळा
थांबा, घाई नको. इथे बरेच जण घसरतात. सूत्रात मधल्या पदाला स्वतःचंच उणे चिन्ह असतं:

u² − 2ρuv + v²

इथे u = (x − 50)/4 आणि v = (y − 60)/5. रो धन असेल तेव्हाच मधलं पद −१.२ दिसतं. रो ऋण असता तर ते +१.२ झालं असतं.

सूत्र विसरलात तरी तपासता येतं. दोन्ही चल सरासरीच्या वर एकेक एसडी घ्या, u = 1, v = 1. कंस 1 − 1.2 + 1 = 0.8. आता एक वर, एक खाली, u = 1, v = −1. कंस 3.2. घातांकात या कंसाला उणे चिन्ह आहे, म्हणून लहान कंस म्हणजे जास्त घनता. X आणि Y दोन्ही एकाच दिशेला जास्त वेळा सापडतात, म्हणजे रो धन. सांजवारा, तुमचं ०.१५८७ कायम.

सांजवारा
सर, हे u, v वालं वहीत लिहून ठेवलं. आता (ब) करते.

मोजपट्टी
(ब) तर सोपं आहे. X = 58 वरून Y = 66 आला. मग Y = 66 वरून उलट गेलं की X = 58. एसडी तेवढा X चा घ्यायचा, ४ × ०.८ = ३.२. झेड (50 − 58)/3.2 = −2.5. उत्तर ०.००६२.

त्रिज्या
एसडी ३.२ अगदी बरोबर, पण सरासरी ५८ नाही. एकाच रेषेवरून मागे येता येत नाही, कारण दोन दिशांच्या रेषा वेगळ्या आहेत. X साठी उतार कोव्हेरियन्स भागिले Y चा व्हेरियन्स: 12/25 = 0.48. रेषा उलटी केली असती तर 1/0.75 = 1.33 आला असता.

म्हणून Y = 66 दिल्यावर X ची सरासरी 50 + 0.48 × 6 = 52.88. Y सरासरीच्या १.२ एसडी वर आहे, तर X अपेक्षेने ०.७२ एसडीच वर. दोन्ही दिशांना माघार सरासरीकडेच होते. दोन उतारांचा गुणाकार 0.75 × 0.48 = 0.36, रो चा वर्ग. उलट रेषा घेतली तर तो गुणाकार १ येतो, आणि ते रो १ किंवा −१ असेल तरच खरं.

खडूफळा
त्रिज्यांच्या म्हणण्याला इतिहासही आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मोठ्या झालेल्या मुलांच्या उंचीचा अभ्यास छापला. आईची उंची १.०८ ने गुणून वडिलांच्या उंचीशी सरासरी काढायची, अशी त्यांची रीत होती. त्या सरासरीवरून मुलांच्या उंचीचा उतार त्यांना २/३ मिळाला. उलट, मुलांच्या उंचीवरून आईवडिलांच्या त्या सरासरीचा उतार मिळाला १/३. ३/२ नाही. दोघांच्या उंचीची सरासरी असल्याने तिचा व्हेरियन्स एकट्या माणसाच्या उंचीच्या व्हेरियन्सच्या निम्मा, म्हणून दोन उतार वेगळे. तक्त्यातल्या सारख्या आकड्यांचे बिंदू जोडले की लंबवर्तुळं दिसतात, हेही गॉल्टन यांच्या लक्षात आलं होतं. त्याचं गणित त्यांनी हॅमिल्टन डिक्सन या गणितज्ञाकडून करून घेतलं.

लंबवर्तुळ काढून पाहिलंत तर दोन रेषा डोळ्यांना दिसतात. एक त्याच्या उभ्या स्पर्शिकांच्या बिंदूंतून जाते, दुसरी आडव्या स्पर्शिकांच्या. मोठा अक्ष या दोघींपैकी कुठलीच नाही.

मोजपट्टी
पण Y = 66 असणाऱ्या जोड्यांत X = 58 असणारे आहेतच ना? मग ते गेले कुठे?

त्रिज्या
आहेत, पण थोडे. X = 58 मुळात सरासरीच्या दोन एसडी वर, म्हणजे दुर्मीळ. X = 53 असणारे कितीतरी जास्त, आणि त्यांच्यातलेही बरेच जण ६६ पर्यंत पोचतात. Y = 66 ची पट्टी त्यांनीच भरलेली असते.

निरभ्र
मला पट्टीची कल्पना आवडली म्हणून संगणकावर दहा लाख जोड्या काढून बघितल्या.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
d = rng.multivariate_normal([50, 60], [[16, 12], [12, 25]], 1_000_000)
y = d[abs(d[:, 0] - 58) < 0.1, 1]
print(len(y), y.mean(), y.std(), (y > 70).mean())
```

पट्टीत साधारण २७०० जोड्या येतात. सरासरी ६६ च्या जवळ, एसडी ४ च्या जवळ. शेवटचा आकडा ०.१६ च्या आसपास हलतो.

अनुस्वार
निरभ्र, छान. यात इतरांसाठी एक सांगते. इथे मॅट्रिक्समध्ये व्हेरियन्स द्यायचे असतात, १६ आणि २५. पण एकाच चलासाठी `scipy.stats.norm` वापरलं तर तिथे `scale` म्हणजे एसडी. `norm.sf(70, 66, 16)` लिहिलं तर ०.४०१३ येतं आणि कुठलीही सूचना मिळत नाही. तिथे ४ लिहायचं. स्प्रेडशीटच्या `NORM.DIST` मध्येही एसडीच.

मॅट्रिक्स छापलेली असेल तर फोटो वाचणं जरा सोपं जातं. कर्णावर व्हेरियन्सच असतात. मधला आकडा १२ आहे की २२ असा संशय आला तर वर्ग करून बघा. २२ चा वर्ग ४८४, आणि १६ × २५ = ४००. कोव्हेरियन्सचा वर्ग त्याहून मोठा असूच शकत नाही, म्हणजे २२ चुकीचं वाचलं.

सांजवारा
(ब) झालं. सरासरी ५२.८८, एसडी ३.२, झेड (50 − 52.88)/3.2 = −0.9. उत्तर ०.१८४१. मैत्रिणीलाही कळवलं, तिला ३२ वाला पुरावा पटला.

मोजपट्टी
झेड बरोबर −०.९. आकडे निवडलेलेच होते की!

त्रिज्या
निवडलेले होते हे मान्य. पण १६ आणि २५ एसडी धरून (ब) केलं तर झेड −०.१८ येतो, तोही सुटसुटीत. सुटसुटीतपणावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

दीपमाळ
पट्ट्या पाडून पाहिल्या. मधल्या तीन पट्ट्यांत एसडी जवळपास सारखा आहे. वरच्या टोकाच्या पट्टीत तो मधल्याच्या दीडपट दिसतोय, पण तिथे फक्त अकरा मापं आहेत. खालच्या टोकाला वाढ दिसत नाही. उपकरण मोठ्या मापांना डळमळतं म्हणून हे होतंय, की अकरा मापांत असं योगायोगानेही दिसू शकतं?

खडूफळा
जोडी खरोखर नॉर्मल असताना अकरा मापांत एसडी दीडपट दिसणं अशक्य नाही, पण वारंवार घडणारंही नाही. शंभर वेळा केलं तर एक-दोनदा दिसेल, त्यामुळे संशयाला जागा आहे. मात्र टोकाची पट्टी तुम्ही आकडे पाहून निवडली असेल तर तेवढाही पुरावा धरता येणार नाही. त्या भागातली आणखी मापं मुद्दाम घ्या. पहिलं माप मोठं येईल अशाच गोष्टी निवडल्यात तरी चालतं. X वरून निवड केल्याने X दिल्यावरचं Y चं वितरण बदलत नाही. Y वरून मात्र निवडू नका. आणि या नव्या मापांसकट एकत्र कोरिलेशन काढू नका, ते फुगलेलं येईल.

दीपमाळ
Y वरून निवडायचं नाही हे लक्षात ठेवतो. मापं मिळायला वेळ लागेल, आली की इथेच लिहीन.